बिल पोहोचते, मग पैसे का अडकतात?

भोसरीतल्या एखाद्या छोट्या फॅब्रिकेशन शॉपमधून चाकणच्या मोठ्या कंपनीला लोखंडी ब्रॅकेट जातात. माल वेळेवर पोहोचतो, बिलाचा ईमेलही त्याच दिवशी जातो. मग दीड महिना सरतो, दोन महिने सरतात, आणि फोन केला की पलीकडून उत्तर येते, "साहेब, तुमचं बिल होल्डवर आहे." कंपनी मुद्दाम पैसे लांबवते आहे, असे कारखानदाराला वाटते. कधी ते खरेही असते. पण कितीदा तरी बिल अडकण्याचे कारण बिलातच किंवा ते ज्या ईमेलने गेले त्यातच दडलेले असते, आणि ते वेळीच दूर करणे कारखानदाराच्या हातात असते.

त्यासाठी आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ज्याने तुम्हाला काम दिले, तो तुमचे बिल मंजूर करत नाही. मोठ्या कंपनीत ऑर्डर देणारा परचेसचा माणूस असतो, माल उतरवून घेणारा स्टोअर्सचा आणि पैसे सोडणारा अकाउंट्सचा. या तिसऱ्या माणसाने ना तुम्हाला पाहिलेले असते, ना तुमचे ब्रॅकेट. त्याच्यासमोर असतात फक्त तीन कागद. पहिला पीओ, म्हणजे परचेस ऑर्डर: काय, किती आणि कोणत्या दराने मागवले. दुसरा जीआरएन, म्हणजे स्टोअर्सने केलेली माल मिळाल्याची नोंद: प्रत्यक्षात किती नग आले आणि त्यातले किती स्वीकारले. तिसरे तुमचे बिल. हे तीन कागद एकमेकांशी जुळले तर बिल बुक होते आणि देय तारखेला पेमेंट निघते. जुळले नाहीत तर संगणकच ते बाजूला काढतो. त्यात कोणाचा राग-लोभ नसतो.

तीन रुपयांचा फरक

हे आकड्यांत पाहू. समजा, कंपनीचा पीओ क्रमांक 4500018732 आहे. त्यातल्या ओळ क्रमांक 10 वर 500 ब्रॅकेट आहेत, दर नगाला 182 रुपये. म्हणजे मालाची किंमत 91,000 रुपये. खरेदीदार आणि विक्रेता दोघेही महाराष्ट्रातले, म्हणून 9 टक्के केंद्राचा आणि 9 टक्के राज्याचा जीएसटी, मिळून 16,380 रुपये. बिलाची एकूण रक्कम 1,07,380 रुपये.

आता मध्यंतरी पत्रा महागला. कारखानदाराने परचेसच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "ठीक आहे, 185 लावा." त्याने विश्वासाने 185 चा दर लावून 1,09,150 रुपयांचे बिल पाठवले. साहेबांनी शब्द दिला होता, त्यांनी तो फिरवलेलाही नाही. पण पीओमध्ये दर अजून 182 च आहे. अकाउंट्सच्या पडद्यावर पीओ एक सांगतो, बिल दुसरे सांगते. फरक आहे 1,770 रुपयांचा, पण अडकते ते संपूर्ण बिल.

यावर उपाय एकच, आणि तो माल निघण्याआधी करायचा असतो. तोंडी मान्यता मिळाली की लगेच पीओची दुरुस्ती मागायची, आणि दुरुस्त पीओ हातात आल्यावरच नव्या दराने बिल काढायचे. तातडीने माल पाठवणे भागच असेल, तर जुन्या दराने बिल करावे. वाढीव दर पुढे मान्य झाला, तर फरकाची डेबिट नोट देता येते.

दराइतकाच घोळ एककामुळेही होतो. पीओमध्ये माल नगांत असतो आणि कारखानदार सवयीने बिल किलोवर काढतो. रक्कम तंतोतंत तीच येते, तरी 500 नग आणि 640 किलो यांची सांगड संगणकाला घालता येत नाही. म्हणून वस्तूचे वर्णन, तिचा कोड, एकक आणि ओळ क्रमांक हे सगळे पीओमध्ये जसे आहे तसेच बिलात उतरवावे. आपल्या शॉपमध्ये त्या ब्रॅकेटला आपण काहीही म्हणत असू, बिलावर खरेदीदाराचाच शब्द हवा.

चुकीचे बिल गेलेच, तर अकाउंट्समधून सांगतात, "रिव्हाइज्ड बिल पाठवा." तेव्हा त्याच क्रमांकाची नवी पीडीएफ पाठवण्याचा मोह टाळावा. एकाच क्रमांकाची दोन बिले दिसली की खरेदीदाराची यंत्रणा दुसरे बिल नाकारते, आणि जीएसटीच्या नोंदीतही गोंधळ होतो. आपल्या उदाहरणात नगामागे तीन रुपये जास्त लागले. तेव्हा मालाचे 1,500 आणि कराचे 270 अशी 1,770 रुपयांची क्रेडिट नोट मूळ बिलाचा क्रमांक आणि तारीख घालून काढायची. स्टोअर्सने काही नग नाकारले, तरी रस्ता हाच.

ईमेल कोणासाठी लिहायचा?

बिलाचा ईमेल हा अकाउंट्सच्या त्या अनोळखी माणसासाठी लिहायचा असतो. त्याच्या इनबॉक्समध्ये दिवसभर बिले पडत असतात आणि निम्म्यांचा विषय नुसता "बिल" किंवा "इन्व्हॉइस अटॅच्ड" असा असतो. पंधरा दिवसांनी तुमचा फोन आल्यावर त्यातून तुमचे बिल शोधणे त्याला जड जाते. म्हणून विषयाच्या ओळीतच चार गोष्टी याव्यात: बिल क्रमांक, पीओ क्रमांक, रक्कम आणि देय तारीख.

```
Invoice INV-26-27-0114 | PO 4500018732 | Rs 1,07,380 | Due 18-Sep-2026
```

यातला बिल क्रमांक नीट पाहा. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिल क्रमांक सोळा अक्षरांपेक्षा मोठा नसावा, त्या आर्थिक वर्षात तो पुन्हा येऊ नये आणि क्रम सलग असावा. त्यात अक्षरे, अंक, आडवी रेघ आणि तिरकी रेघ चालते. आपल्याकडे तिरकी रेघ घालायची जुनी सवय आहे. पण विंडोजच्या संगणकावर फाइलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही. मग बिलावर एक क्रमांक, फाइलला दुसरा आणि जीएसटी पोर्टलवर तिसरा अशी त्याची तीन रूपे होतात. पुढे जुळवणी करताना तेच बिल तीन वेगवेगळी बिले वाटू लागते. वरच्या उदाहरणात आडव्या रेघा आहेत आणि एकूण चौदा अक्षरे आहेत. हा क्रमांक बिलावर, ईमेलमध्ये, फाइलच्या नावात आणि पोर्टलवर एकाच रूपात वापरता येतो. फाइलचे नाव असे ठेवावे:

```
INV-26-27-0114_PO-4500018732.pdf
```

ईमेल कोणत्या पत्त्यावर पाठवायचा, हे बहुधा पीओच्या शेवटी किंवा अटींच्या पानावर लिहिलेले असते. बिले स्वीकारण्यासाठी कंपनीचा वेगळा पत्ता असेल, तर मुख्य ईमेल तिथेच जावा आणि परचेसच्या माणसाला सीसीमध्ये ठेवावे. केवळ त्याला पाठवलेले बिल तो रजेवर असेपर्यंत त्याच्याच इनबॉक्समध्ये पडून राहते. एका ईमेलला एकच बिल जोडावे. अशा पत्त्यांवर आलेली पीडीएफ काही कंपन्यांत यंत्रणाच वाचते, आणि एका फाइलमध्ये पाच बिले असली की तिला फक्त पहिलेच सापडण्याचा धोका असतो. मोबाइलने काढलेला बिलाचा तिरका फोटो तर माणसालाही धड वाचता येत नाही. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून थेट निघालेली पीडीएफ सगळ्यांत उत्तम. तिला पासवर्ड लावू नये.

ईमेलचा मजकूर पाच-सहा ओळींचा पुरे. कोणत्या पीओवर काय माल, कोणत्या तारखेला, कोणत्या चलनाने पोहोचवला. बिलाची रक्कम करासह किती. पेमेंट कोणत्या तारखेपर्यंत अपेक्षित आहे. पैसे कोणत्या खात्यात जमा करायचे. आणि शंका असल्यास कोणाला फोन करायचा. गेट एन्ट्रीचा शिक्का असलेले चलन सोबत जोडले, तर जीआरएन शोधणे सोपे जाते. पीओमध्ये टेस्ट रिपोर्ट मागितला असेल, तर तोही त्याच ईमेलमध्ये हवा. तो नंतर पाठवू म्हटले की बिल तेवढे दिवस थांबते.

"45 दिवस" कधीपासून मोजायचे?

बऱ्याच बिलांवर नुसते "पेमेंट: 45 दिवस" असे लिहिलेले असते. कोणत्या तारखेपासून 45 दिवस, हे मात्र त्यात नसते. माल आणि बिल 4 ऑगस्ट 2026 ला पोहोचले असे धरा. त्या दिवसापासून मोजले तर 18 सप्टेंबर येते. पण बिल दहा दिवस इनबॉक्समध्ये पडून 14 ऑगस्टला बुक झाले आणि अकाउंट्सने तिथून मोजले, तर 28 सप्टेंबर येते. आता ही कंपनी महिन्याच्या 10 आणि 25 तारखेलाच पेमेंट सोडते असे समजा. तारीख 28 सप्टेंबर पडली, तर पैसे थेट 10 ऑक्टोबरला येतील. दहा दिवसांच्या मोजणीच्या फरकामुळे 25 सप्टेंबरची फेरी हुकते.

म्हणून दिवसांची संख्या न लिहिता सरळ तारीख लिहावी, आणि तीही महिन्याच्या नावासह. 05-09-2026 ही तारीख कोणी 5 सप्टेंबर वाचतो, तर अमेरिकी पद्धतीची सवय असलेला कोणी 9 मे. 05-Sep-2026 लिहिले की प्रश्न मिटतो.

ही तारीख कुठून मोजायची, याचे उत्तर लघुउद्योजकाला कायद्यानेच दिले आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघू उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि ती मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी करार नसेल, तर मुदत 15 दिवसांचीच आहे. हे दिवस माल प्रत्यक्ष पोहोचल्यापासून मोजतात, बिल बुक झाल्यापासून मोजत नाहीत. अपवाद एक आहे. खरेदीदाराने माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत मालाबद्दल लेखी हरकत घेतली, तर त्या हरकतीचे निराकरण झाल्यावर मोजणी सुरू होते. म्हणून पीओमध्ये "90 दिवस" लिहिलेले असले, तरी उद्यम नोंदणी असलेल्या लघुउद्योगाला ते बंधनकारक नाही.

यामागे आयकराचीही तरतूद आहे. सूक्ष्म किंवा लघू उद्योगाचे देणे कायद्यातल्या मुदतीत दिले नाही आणि आर्थिक वर्ष संपले तरी ते बाकीच राहिले, तर त्या वर्षी खरेदीदाराला तो खर्च म्हणून दाखवता येत नाही. ही तरतूद एप्रिल 2024 पासून लागू झाली. ती उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांच्या देण्यांसाठी आहे, केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना तिचा लाभ नाही. तिच्यामुळे अकाउंट्सवाले आता पुरवठादाराचा उद्यम क्रमांक स्वतःहून विचारतात. तो बिलावर छापलेला असावा आणि उद्यम प्रमाणपत्र कंपनीकडच्या पुरवठादार-नोंदणीत जोडलेले असावे. तसे नसेल, तर तुमचे बिल 18 सप्टेंबरच्या आत द्यायचे आहे, हे त्या संगणकाला कळणार कसे?

16,380 रुपये का थांबतात?

कधी कधी पेमेंट येते, पण जीएसटीची रक्कम वजा करून. आपल्या उदाहरणात 91,000 जमा होतात आणि 16,380 मागे राहतात. खरेदीदाराला तुम्ही लावलेल्या कराचे क्रेडिट तेव्हाच मिळते, जेव्हा तुमचे बिल पोर्टलवर त्याच्या जीएसटीआर-2बी या तक्त्यात दिसते. हा तक्ता पुढच्या महिन्याच्या 14 तारखेला तयार होतो. त्यात बिल यायचे तर तुम्ही ते आधी जीएसटीआर-1 मध्ये भरलेले असायला हवे, आणि दरमहा विवरण भरणाऱ्यांसाठी त्याची तारीख आहे 11. म्हणजे ऑगस्टचे बिल 11 सप्टेंबरपर्यंत भरले, तर 14 सप्टेंबरला ते खरेदीदाराला दिसते आणि 18 च्या आत पूर्ण पेमेंटला काही अडसर उरत नाही.

तिमाही विवरण भरणाऱ्या छोट्या कारखानदारांची अडचण इथेच होते. जुलै ते सप्टेंबरची बिले एकदम ऑक्टोबरमध्ये भरली, तर ऑगस्टचे बिल खरेदीदाराला 14 ऑक्टोबरला दिसते. त्यांच्यासाठी पोर्टलवर आयएफएफ नावाची सोय आहे. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची बिले पुढच्या महिन्याच्या 13 तारखेपर्यंत तिथे चढवता येतात. कर तिमाहीच्याच पद्धतीने भरायचा, फक्त बिलाची माहिती लवकर पोहोचवायची. ज्यांची वार्षिक उलाढाल 5 कोटींच्या वर गेली आहे, त्यांच्यासाठी ऑगस्ट 2023 पासून ई-इन्व्हॉइसची सक्ती आहे. त्यांच्या बिलावर पोर्टलने दिलेला क्यूआर कोड नसेल, तर ते बिल बुक होत नाही.

खाते क्रमांकाची पहारेदारी

बँकेचा तपशील बिलावर आणि ईमेलमध्ये दोन्हीकडे द्यावा: खातेदाराचे नाव बँकेत जसे आहे तसे, खाते क्रमांक, बँक आणि शाखा, आयएफएससी कोड. हा कोड अकरा अक्षरांचा असतो. पहिली चार अक्षरे बँकेची आणि पाचवे नेहमी शून्य. हाताने टाइप करताना तिथे इंग्रजी ओ पडतो आणि पैसे परत जातात.

पण एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. कंपनी पैसे पाठवते ते तुमच्या बिलावरच्या खात्यात नव्हे, तर तिच्याकडे पुरवठादार म्हणून नोंदवलेल्या खात्यात. बिलावरचा तपशील केवळ पडताळणीसाठी असतो. तेव्हा बँक बदलली किंवा बँकांच्या विलीनीकरणात कोड बदलला, तर बिलावर नवा कोड छापून भागत नाही. लेटरहेडवर पत्र आणि रद्द केलेला धनादेश देऊन आधी कंपनीच्या नोंदीत बदल करून घ्यावा लागतो. तोवर दोन तपशील जुळत नाहीत म्हणून बिल थांबते.

हे थांबणे योग्यही आहे, कारण चोर नेमके याच वाटेने येतात. तुमच्या ईमेल पत्त्यासारखाच, एखाद्या अक्षराचा फरक असलेला पत्ता घेऊन ते कंपनीला कळवतात, "आमचे खाते बदलले आहे, पुढचे पेमेंट या खात्यात करावे." सोबत तुमच्याच बिलाची प्रत असते, फक्त खाते क्रमांक बदललेला. म्हणून प्रत्येक बिलाच्या ईमेलमध्ये एक ओळ कायमची ठेवावी: "आमच्या बँक खात्यात बदल झालेला नाही. असा बदल आम्ही ईमेलवरून कधीही कळवत नाही. असा ईमेल आल्यास आपल्याकडे नोंदवलेल्या आमच्या जुन्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी." पैसे चुकीच्या खात्यात गेल्याचे कळताच 1930 या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करावा. पैसे त्या खात्यातून पुढे निघण्याआधी तक्रार पोहोचली, तरच ते गोठवता येतात.

आठव्या दिवशीचा फोन

बिल पाठवून झाल्यावर बहुतेक जण देय तारीख उलटेपर्यंत वाट पाहतात आणि मग "पेमेंट कधी?" म्हणून फोन करतात. तोवर चूक दुरुस्त करायला वेळ उरलेला नसतो. त्यापेक्षा बिल पाठवल्यापासून आठवड्याभरात एक फोन करावा आणि एवढेच विचारावे, "बिल बुक झालं का? बुकिंग नंबर मिळेल का?" बिल बुक झाले असेल, तर तो नंबर टिपून ठेवावा. झाले नसेल, तर कारण विचारावे. दर जुळत नाही, जीआरएन झालेला नाही, टेस्ट रिपोर्ट नाही, असे उत्तर दहाव्या दिवशी मिळाले तर ते सुधारायला महिना हातात असतो.

देय तारखेच्या आठवडाभर आधी स्मरणपत्र पाठवावे, तेही मूळ ईमेललाच उत्तर म्हणून. नवा ईमेल लिहिला की जुने बिल आणि त्याची तारीख मागे राहते. मूळ ईमेलला उत्तर दिले, तर बिल कधी पाठवले, कोणाला पाठवले आणि मध्यंतरी काय बोलणे झाले, हे सगळे एकाच जागी दिसते.

एवढे सगळे करूनही पैसे आले नाहीत, तर हाच पत्रव्यवहार कामी येतो. मुदत उलटली की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज मागण्याचा हक्क कायदा देतो, आणि त्यासाठी राज्याच्या सूक्ष्म आणि लघू उद्योग सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. तिथे पीओ, चलन, बिल आणि ते पाठवल्याचा पुरावा, हेच मागतात. ज्याच्या ईमेलमध्ये पीओ क्रमांक, रक्कम आणि देय तारीख आहे, त्याची बाजू तिथे बळकट असते.

म्हणून माल गाडीत चढवण्याआधी दहा मिनिटे काढावीत, पीओ आणि बिल शेजारी ठेवून ओळीन् ओळ ताडून पाहावी, आणि फरक दिसला तर गाडी सुटण्याआधी पीओची दुरुस्ती मागून घ्यावी.